पंधरावं अक्षर जुळलं म्हणून

आमचं ऑफिस नाशिकरोडला एका चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आहे. खालचा दुकानदार अधूनमधून सरांना म्हणतो, तुमच्या लोकांचे डोळे फुकटात तपासून देतो, आणि सर दरवेळी हसून पुढच्या महिन्यावर ढकलतात. सर म्हणजे कर सल्लागार. त्यांच्या हाताखाली आम्ही दोघंच. एक मी, आणि एक ताई. ताई माझ्या आधी अठरा वर्षं तिथं आहेत आणि हे मी विसरू नये याची त्या जातीनं काळजी घेतात. त्या एकलहऱ्याहून येतात. सकाळी आल्या की पंखा लावतात, स्वतःची खुर्ची पुसतात, मग माझीही पुसतात आणि ती पुसताना काय काय निघालं ते मला सांगतात.

आमचं काम सांगायला सोपं आहे. कारखान्यांनी आणि दुकानदारांनी ज्यांच्याकडून माल घेतला त्यांची बिलं आमच्याकडे येतात. प्रत्येक बिलावर माल देणाऱ्याचा पंधरा अक्षरांचा जीएसटी नंबर असतो. तो आमच्या खरेदीच्या यादीत चढवायचा, आणि महिन्याच्या मध्यावर सरकारी पोर्टलवरच्या यादीशी ताडून बघायचा. माल देणाऱ्यानं आपलं रिटर्न भरलं असेल तर त्याचं बिल पोर्टलवर दिसतं. दिसलं नाही तर त्याचं नाव आमच्या एका कागदावर जातं. त्या कागदाचं शीर्षक मीच दिलेलं होतं, ‘रिटर्न न भरलेले’. ठळक अक्षरांत.

हे नंबर पूर्वी ताई हातानं चढवायच्या. त्यांची पद्धत अशी की नंबर मोठ्यानं वाचायचा आणि प्रत्येक अक्षराला एक गाव चिकटवायचं. एस सिन्नरचा, डी देवळ्याचा, पी पेठचा, ई अर्थातच एकलहऱ्याचा. एक्सला गाव नव्हतं म्हणून तो एक्स-रेचा. एक बिल चढेपर्यंत त्यांचा अर्धा जिल्हा फिरून व्हायचा. मी समोर बसून हे ऐकत असे आणि मनात म्हणत असे, एकविसावं शतक लागून किती वर्षं झाली.

मग सरांनी बिलं वाचणारं सॉफ्टवेअर घेतलं. बिल स्कॅन करायचं, ते त्यातला मजकूर ओळखून तक्त्यात भरतं. पहिल्या आठवड्यात त्यानं आम्हाला खूप हसवलं. शून्याला ओ म्हणायचं, ओला शून्य. आठाला बी, पाचाला एस, एकाला आय. फिकट कार्बन कॉपी असली की त्याची अक्कल पूर्णच जायची. ताई फक्त अशी प्रत्येक चूक एका वहीत लिहून ठेवायच्या, आणि सर जवळून जाताना वही उघडी असायची.

मला राग आला. सॉफ्टवेअर माझं नव्हतं, पण ते घ्यावं असा हट्ट मी धरला होता. बी.कॉम. नंतर मी कॉम्प्युटरचा एक कोर्स केलेला आहे, आणि तो वाया गेला नाही हे मला कुणाला तरी दाखवायचं होतं. कुणाला ते सांगायची गरज नाही.

तर मी त्या तक्त्याच्या मागे नियम बसवले. पहिला नियम सोपा. या नंबरात कुठल्या जागी काय येणार हे ठरलेलं आहे. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे सत्तावीस. पुढची दहा अक्षरं म्हणजे त्या माणसाचा किंवा फर्मचा पॅन. त्यात आधी पाच अक्षरं, मग चार अंक, मग एक अक्षर. तेराव्या जागी त्या पॅनवर त्या राज्यातली कितवी नोंदणी ते. चौदाव्या जागी बहुतेक सगळीकडे झेड. म्हणजे अंकाच्या जागी बी आला तर तो आठच असणार आणि अक्षराच्या जागी शून्य आलं तर तो ओच असणार. जागाच सांगते कोण खरं ते. एवढ्यानंच ताईंच्या वहीतल्या निम्म्या नोंदी निकालात निघाल्या.

पण एन ऐवजी एम वाचला, किंवा तीन ऐवजी आठ, तर जागेचा नियम गप्प बसतो. अक्षराच्या जागी अक्षरच आहे, अंकाच्या जागी अंकच. तिथं कामाला येतं पंधरावं अक्षर. ते आधीच्या चौदांवरून हिशेबानं निघतं. अंकांची किंमत त्यांची त्यांची, ए म्हणजे दहा, बी म्हणजे अकरा, असं करत झेड पस्तीस. पहिल्याची किंमत तशीच घ्यायची, दुसऱ्याची दुप्पट, तिसऱ्याची तशीच, चौथ्याची दुप्पट, असं शेवटपर्यंत. दुप्पट केलेली किंमत छत्तीस किंवा त्याच्या वर गेली तर छत्तीसनं भागून भागाकार आणि बाकी एकत्र मिळवायचे. सगळ्यांची बेरीज छत्तीसच्या पुढच्या पटीला जेवढी कमी पडते, तेवढ्या किमतीचं अक्षर शेवटी छापलेलं असतं. मधलं कुठलंही एक अक्षर चुकीचं वाचलं गेलं तर हे शेवटचं जुळतच नाही. मी हे सरांना दाखवलं. न जुळणारी ओळ लाल होत होती. सरांनी स्वतः एक नंबर मुद्दाम चुकवून बघितला, लाल झाला. अजून एक चुकवला, तोही लाल. मग ते लहान मुलासारखे बराच वेळ नंबर चुकवत बसले.

ताईंनी चष्मा वर करून पाहिलं आणि विचारलं, चुकलंय हे कळलं, पण कुठं चुकलंय ते सांगतं का हे?

सांगत नव्हतं. पंधरा अक्षरांत काहीतरी बिघडलंय एवढंच ते सांगतं. प्रत्येक लाल ओळीसाठी बिलाचा कागद काढून बघावा लागणार होता, आणि कागद कपाटात होते, आणि कपाटाची किल्ली ताईंच्या कमरेला. मला दरवेळी ताईंकडे किल्ली मागायला जायचं नव्हतं. म्हणून मी शहाणपणा केला. मी यंत्राला शिकवलं की ओळ लाल झाली तर तूच दुरुस्त कर. एकमेकांसारखी दिसणारी अक्षरं आणि अंक एका यादीत दिले, आणि सांगितलं की डावीकडून सुरुवात कर, एकेक जागा बदलून बघ, शेवटचं अक्षर जुळलं की थांब. एकदा दुरुस्त केलेला नंबर पुढच्या वेळी लक्षातही ठेव. त्या दिवसापासून लाल ओळी जवळजवळ नाहीशा झाल्या. सरांनी खालून मिसळ मागवली. ताईंनीही खाल्ली, फक्त माझ्याकडे न बघता.

पुढचे चार महिने मी ऑफिसात जरा तोऱ्यात चालत होतो असं ताई नंतर म्हणाल्या. असेन.

आमचा एक मोठा अशील म्हणजे सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतला कांदा वाळवून पावडर करणारा कारखाना. त्यांचा नियम कडक. आमच्या ‘रिटर्न न भरलेले’ यादीत लागोपाठ तीन महिने ज्याचं नाव येईल, त्याच्याकडून माल घेणं बंद. मी यादी मेलनं पाठवायचो, ते नावं कापायचे. कुणाचं नाव कापलं जातंय याचा विचार मी कधी केला नाही. माझ्याकडे नंबर असायचे.

एका मंगळवारी अकराच्या सुमारास एक पन्नाशीच्या बाई जिना चढून वर आल्या. हातात प्लॅस्टिकची फाइल, डोक्यावरून पदर, चपला दाराबाहेर काढलेल्या. देवळ्याहून आल्या होत्या, दोन एसट्या बदलून. कांद्याच्या जाळीच्या गोण्या शिवून विकायचा त्यांचा धंदा होता, चार बाया हाताखाली. सिन्नरच्या कारखान्याला तीन वर्षं त्यांच्या गोण्या जात होत्या. आता कारखान्यातून फोन आला होता की तुम्ही रिटर्न भरत नाही, या महिन्यापासून गोण्या पाठवू नका. कुणी सांगितलं म्हणून विचारलं तर आमचा पत्ता मिळाला.

मी त्यांना बसायला सांगितलं. ताईंनी पाणी दिलं. काकूंनी पाणी बाजूला ठेवलं आणि फाइल उघडली. त्यात प्रत्येक महिन्याची रिटर्न भरल्याची पावती होती, तारखेप्रमाणे लावलेली, एकही सुटलेली नाही.

“भाऊ, तारीख चुकली नाय माझी एकदा बी,” त्या म्हणाल्या. “गावात लोक इचारता, काकू कर बुडवती का. शिवायला येती त्या बायाबी इचारता. मी काय सांगू?”

मी पावत्यांकडे पाहिलंच नाही म्हटलं तरी चालेल. मी स्क्रीनकडे पाहिलं. माझ्या यादीत त्यांचं नाव होतं, नंबर होता, आणि नंबरापुढे हिरवी खूण होती. म्हणजे पंधरावं अक्षर जुळत होतं. म्हणजे नंबर बरोबर होता. म्हणजे गडबड यांच्याकडेच. मी त्यांना अगदी शांत आवाजात, जसं बँकेतला माणूस पासबुक हरवलेल्याशी बोलतो तसं, समजावून सांगितलं की काकू, तुम्ही भरलं असेल, पण भरताना तुमच्या माणसानं कारखान्याचा नंबर चुकवला असेल, होतं असं. त्या म्हणाल्या, माणूस कसला, मीच भरते. देवळ्यात एकीकडून शिकून घेतलं, पोरीच्या कॉम्प्युटरवर भरते.

ताई उठल्या आणि माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी काकूंना विचारलं, नोंदणीचं सर्टिफिकेट आणलंय का? काकू म्हणाल्या, ते घरी भिंतीला लावलंय, काचेत. पण नंबर पाठ आहे. गोण्यांच्या प्रत्येक गठ्ठ्यावर त्या मार्करनं स्वतः लिहीत होत्या, तीन वर्षं.

“मग म्हणा,” ताई म्हणाल्या, आणि मला म्हणाल्या, “तू स्क्रीनवर बघ.”

काकू म्हणू लागल्या. डोळे मिटून, बोटं मोजत. सत्तावीस जुळलं. पुढची पाच अक्षरं जुळली. अंकांतला पहिला पाच जुळला.

“आठ,” काकू म्हणाल्या.

“तीन,” मी म्हणालो.

त्यांनी डोळे उघडले. आणि मी, हे मला आजही लिहवत नाही, मी त्यांना म्हणालो, “काकू, तीन आहे. तुमचा गोंधळ होतोय. इथं सगळं जुळलेलं आहे.”

एका बाईला तिचाच नंबर मी शिकवत होतो. तीन वर्षं गठ्ठ्या-गठ्ठ्यावर हातानं लिहिलेला.

ताईंकडे बघून त्या पुढे म्हणाल्या, पाच, आठ, दोन, तीन. मग उरलेली अक्षरं. माझ्या स्क्रीनवर होतं पाच, तीन, दोन, आठ. बाकी सगळं सारखं. शेवटचं अक्षरही.

ताईंनी कपाट उघडलं आणि सिन्नरच्या फाइलीतून काकूंची तिन्ही महिन्यांची बिलं काढली. एकाच बिलबुकातली, तिसरी गुलाबी प्रत. त्यावर पाच आठ दोन आणि मग एक तीन होता, पण छपाईची शाई पसरून त्याचं तोंड बुजल्यासारखं झालं होतं. मी बघितलं असतं तर मला तीनच दिसला असता. यंत्राला आठ दिसला.

मग मी कागद घेतला आणि काय झालं ते सगळ्यांना सांगत मांडलं. यंत्रानं वाचलं पाच आठ दोन आठ. शेवटचं अक्षर जुळेना, ओळ लाल. तिथपर्यंत सगळं ठीक. मग माझ्या शहाणपणानं डावीकडून एकेक जागा बदलून बघायला सुरुवात केली. खरा बिघाड अकराव्या जागी होता, पण त्याच्या आधी नवव्या जागी आठ होताच, आणि आठासारखा दिसणारा तीन माझ्या यादीत होता. तिथल्या आठाचा तीन केला की बेरीज पाचनं कमी होते. अकराव्या जागी चुकून पाचनं वाढलेली होती. नववी आणि अकरावी, दोन्ही जागा विषम, दोन्हींची किंमत दुप्पट न करता तशीच धरली जाते. एकीकडचे पाच वाढले, दुसरीकडचे पाच कमी झाले, आणि बेरीज पुन्हा बरोबर. पंधरावं अक्षर खुशाल जुळलं आणि यंत्र थांबलं. दोन जागा डावीकडेच थांबलं. एका चुकीच्या ऐवजी दोन चुका करून ते हिरवं झालं होतं, आणि हिरवी खूण मी बसवलेली. पुढच्या दोन महिन्यांत तोच नंबर त्यानं लक्षात ठेवला होता, मीच सांगितलं होतं म्हणून.

सर त्यांच्या केबिनमधून येऊन उभे होते. ते म्हणाले, पण पोर्टलवर यांचं बिल दिसत असणारच ना, यांच्या खऱ्या नंबरावर.

दिसत होतं. आमच्याकडे एक दुसरीही यादी निघते, पोर्टलवर आहेत पण आमच्या खरेदीत नाहीत अशा बिलांची. ती मी कधी नीट वाचत नसे. कुणीतरी बिल पाठवायचं राहिलं असेल, येईल, असं समजून खाली ठेवून द्यायचो. ताईंनी ती काढली. तिन्ही महिने काकूंच्या धंद्याचं नाव तिथं होतं, त्यांच्या खऱ्या नंबरासकट. दोन याद्या, एका टेबलावर, एकीत ही बाई रिटर्न भरत नाही आणि दुसरीत भरते. नावं मी ताडून बघितलीच नव्हती. नावात चुका असतात, नंबरात नसतात, हे वाक्य माझंच, ताईंना मीच ऐकवलेलं.

ताईंना तेव्हा बोलायला पूर्ण वाव होता. पण त्यांनी ती यादी माझ्यासमोर सरळ करून ठेवली आणि काकूंना विचारलं, चहा घेणार का.

मी लगेच कारखान्यात फोन लावला. तिथल्या खरेदीवाल्या साहेबांना सांगितलं की नंबर वाचण्यात चूक झाली आहे, बाईंचं सगळं व्यवस्थित आहे. ते म्हणाले, तुमच्याच यादीत तुम्ही लिहिलंय, नंबर तपासलेला आहे म्हणून. मी म्हणालो, हो, लिहिलंय. ते म्हणाले, मग कुठलं खरं? मी म्हणालो, आता सांगतोय ते. ते म्हणाले की नाव परत घेतो, पण या महिन्याच्या गोण्या येवल्याच्या एकाला दिल्या, तो माल निघालाय, ते आता फिरवता येणार नाही. पुढच्या महिन्यापासून बघू. आणि तसं लेखी पाठवा.

मी फोन ठेवला. काकूंना सांगितलं. या महिन्याचं काम गेलं हे ऐकून त्यांनी मान हलवली. त्यांच्या हाताखालच्या चार बायांना आज संध्याकाळी काय सांगायचं याचा विचार त्या करत असणार, आणि मला त्यांच्याकडे बघवेना. एवढ्या वर्षांत माझ्यामुळे काम गेलेलं माणूस माझ्यासमोर कधी बसलेलं नव्हतं. चुका केल्या होत्या, पण त्यांना चेहरा नव्हता.

“मला बी एक कागद द्या,” काकू म्हणाल्या. “कारखान्याला देता तसा. गावात तोंडी सांगितलेलं कोण मानत नाय.”

मी तिथल्या तिथं टाइप करायला बसलो. सरांच्या लेटरहेडवर. श्रीमती अमुक यांची तिन्ही महिन्यांची रिटर्न वेळेत भरलेली असून, आमच्या यंत्रणेतील तांत्रिक कारणामुळे त्यांचे नाव यादीत आले. सरांना आवडलं, त्यांनी मान डोलावली. अशा पत्रांत आम्ही नेहमी असंच लिहितो, आणि ते वाक्य माझ्या बोटांतून आपोआप आलं होतं. मी प्रिंट काढून काकूंपुढे ठेवलं.

त्यांनी आधी नंबर वाचला. बोट ठेवून, एकेक अक्षर. तो बरोबर होता. मग त्यांनी उरलेलं वाचलं, आणि त्यांचं बोट एका जागी थांबलं.

“तांत्रिक कारण म्हंजे काय?”

मी म्हणालो, यंत्राची चूक.

“यंत्र कुठं चुकलं?” त्या म्हणाल्या. आवाज अजिबात चढलेला नव्हता. “त्येनं तर लाल दाखवलं हुतं. मगाशी तुम्हीच सांगितलं ना. हिरवं कोणी केलं?”

मी सरांकडे बघितलं. सर खिडकीकडे बघत होते. ताई माझ्याकडेच बघत होत्या, आणि पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत मला चिडवणारं काही नव्हतं.

तेव्हापासून आमच्याकडे यंत्र फक्त लाल करतं. दुरुस्ती कुणीतरी माणूस करतो, बिलाचा कागद समोर ठेवून आणि पोर्टलवर त्या नंबराचं नाव बघून. पण ते नंतरचं. त्या दिवशी मला नवीन प्रिंट काढायचंही सुचलं नाही. मी खिशातलं पेन काढलं, ‘आमच्या यंत्रणेतील तांत्रिक कारणामुळे’ एवढं सगळं खोडलं, वर ‘माझ्यामुळे’ लिहिलं, आणि पुढे माझं पूर्ण नाव घालून सही केली. काकूंनी ते वाचलं, कागदाची घडी न घालता पावत्यांच्या वर सरळ ठेवला, आणि दाराबाहेर जाऊन चपला घातल्या.